टाळकऱ्यांच्या ओळीत ‘मी’ कुठे जातो? एकाने म्हणायचं आणि सगळ्यांनी झेलायचं, या भजनात नेमकं काय घडतं

पुणे : ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबांची पालखी निघते, अष्टमीला आळंदीहून ज्ञानोबा माउलींची. दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात. तुकाराम महाराजांची पालखी नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबा मंदिरात उतरते, तर माउलींची भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात. सोबतच्या दिंड्या शहरभर शाळा, मंगल कार्यालयं आणि ओळखीच्या घरांतून पथारी टाकतात. त्या रात्री पेठांमधून फिरलं, तर प्रत्येक गल्लीत एकच दृश्य दिसतं. दोन रांगा समोरासमोर, मध्ये विणेकरी आणि मृदंगमणी. एक जण चरण म्हणतो, बाकीचे तो उचलतात.

या रांगेत उभा राहिलेला माणूस नंतर काय सांगतो, हे गावोगावच्या भजनकऱ्यांना ठाऊक आहे. ‘भान राहिलं नाही’, ‘किती वेळ गेला कळलंच नाही’, ‘मी म्हणतोय की सगळे म्हणतायत, तेच समजेना’. वारकरी याला देहभान विसरणं म्हणतात, मीपणा गळणं म्हणतात. हा श्रद्धेचा अनुभव आहे. पण त्याचबरोबर तो शरीराचाही अनुभव आहे, आणि तो कसा घडतो हे बऱ्याच अंशी सांगता येतं. ते कळलं की गावातलं भजन कधी रंगतं आणि कधी नुसतंच चालू राहतं, याचाही उलगडा होतो.

आधी रचना समजून घेऊ

आपल्या ओळखीचा हरिपाठच घ्या. ज्ञानदेवांचा हरिपाठ २७ अभंगांचा. संध्याकाळी देवळात तो होतो तेव्हा म्हणणारा एक चरण म्हणतो आणि सगळे मिळून धृपद परत करतात. पुन्हा पुढचा चरण, पुन्हा तेच धृपद. तुकोबांची गाथा उघडली तर अनेक अभंगांत दुसऱ्या ओळीपाशी ‘ध्रु.’ अशी खूण छापलेली दिसेल. ती खूण म्हणजे टाळकऱ्यांसाठीची सूचनाच: ही ओळ तुमची, ही पुन्हा पुन्हा येणार.

या ओळीचं मापही ठरलेलं असतं. मोठ्या अभंगाच्या एका ओळीत चार तुकडे असतात, पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे आणि शेवटचा चार अक्षरांचा. म्हणजे एकूण २२ अक्षरं. दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याचं यमक जुळतं. हे माप कानात बसलेल्या माणसाला ओळ पाठ नसली तरी ती कुठे वळणार आणि कुठे संपणार याचा अंदाज येतो. यमक आलं की ओळ आता मिटणार, हे कळतं. शेवटचा तुकडा आखूड असल्याने सूर लांबवायला किंवा दम घ्यायला जागा उरते. म्हणूनच हातात पुस्तक नसलेला, लिहिता-वाचता न येणारा माणूसही पहिल्या दोन फेऱ्यांतच रांगेत सामील होऊ शकतो.

आता प्रश्न असा की, या साध्या देवाणघेवाणीत ‘मी’ सैल का पडतो? एरवी माणसाला ‘मी वेगळा आहे’ याची जाणीव सतत राहते, कारण तीन कामं तो स्वतः करत असतो. पुढे काय करायचं ते तो स्वतः ठरवतो. स्वतःचा आवाज तो वेगळा ओळखतो. आणि श्वास नि पाऊल तो आपल्याच गतीने टाकतो. भजनाची रांग ही तिन्ही कामं त्याच्याकडून एकेक करून काढून घेते.

पहिलं काम : पुढे काय, हे ठरवणं

एकट्याने गाणाऱ्या माणसाच्या डोक्यात सतत हिशोब चालू असतो. पुढची ओळ कोणती, सूर लागेल का, लोकांना कसं वाटतंय. हा हिशोब म्हणजेच ‘मी’ची बडबड. रांगेतल्या टाळकऱ्याला यातलं काहीच करावं लागत नाही. चरण समोरून येतो, धृपद ठरलेलं असतं, टाळ कुठे वाजवायचा ते मृदंग सांगतो. त्याने फक्त ऐकायचं आणि झेलायचं.

पण तो झोपलेला नसतो, हे महत्त्वाचं. चरण कधी संपतो याकडे लक्ष ठेवावंच लागतं, नाहीतर धृपद उशिरा उचललं जातं. म्हणजे लक्ष पूर्ण जागं, पण ते स्वतःवर नाही, समोरच्यावर. नुसत्या पाठांतरात मन भटकतं, कारण तिथे वाट पाहावी लागत नाही. इथे दर काही सेकंदांनी आपली पाळी येते आणि भटकलेलं मन परत आणते. एकाने म्हणून इतरांनी झेलण्याची पद्धत सगळ्यांनी एकत्र गाण्यापेक्षा वेगळी ठरते ती इथेच.

दुसरं काम : स्वतःचा आवाज ओळखणं

माणसाला स्वतःच्या हाताने गुदगुल्या होत नाहीत, हे लहान पोरालाही माहीत असतं. कारण मजेशीर आहे. आपण हात हलवतो तेव्हा मेंदू आधीच अंदाज बांधून ठेवतो की आता इथे स्पर्श होणार. अंदाजाप्रमाणे स्पर्श झाला की मेंदू म्हणतो, हे माझंच काम, दखल घेण्यासारखं काही नाही. आवाजाचंही तसंच. बोलायला तोंड उघडण्याआधीच मेंदूने त्या आवाजाचा अंदाज बांधलेला असतो. कानावर आलेला आवाज त्याच्याशी जुळला की त्यावर ‘माझा’ असा शिक्का बसतो.

आता रांगेत काय होतं ते बघा. समजा ३० टाळकरी आहेत. सगळे एकच ओळ, एकाच चालीत, एकाच क्षणी उचलतात. कानाजवळ टाळ खणखणतोय. अशा वेळी स्वतःचा आवाज वेगळा ऐकू येणं कठीण. ऐकू येतो तो ३० जणांचा मिळून एक आवाज. पण तो आवाज मी जे म्हणायचं ठरवलं त्याच्याशी अगदी जुळतो. अंदाज बरोबर, वेळ बरोबर, शब्द बरोबर. मग शिक्का कशावर मारायचा? सगळ्या आवाजावरच ‘माझा’ असल्यासारखा शिक्का बसू लागतो, अशी याची उकल केली जाते. टाळकरी म्हणतो ना, ‘मी म्हणतोय की सगळे म्हणतायत तेच समजेना’, तो अलंकार करून बोलत नाही. त्याच्या कानाला खरोखरच ते वेगळं करता येत नसतं.

यातून एक गोष्ट कळते. हे व्हायला आवाज मिसळावा लागतो. कुणी एक जण सगळ्यांच्या वर सूर काढून गायला लागला, तर त्याला स्वतःचा आवाज स्पष्ट ऐकू येतो आणि बाकीच्यांनाही त्याचाच ऐकू येतो. मग तो गायक होतो आणि बाकीचे श्रोते. जुने भजनी नव्या पोराला दटावतात, ‘वर काढू नको, मिळून म्हण’. त्यामागचं कारण हे आहे.

तिसरं काम : आपला श्वास, आपलं पाऊल

हरिपाठाचा हिशोब सेकंदांत मांडून बघू. मध्यम लयीत एक चरण म्हणायला समजा ५ सेकंद लागले आणि धृपद झेलायलाही ५ सेकंद. म्हणजे एक फेरा १० सेकंदांचा, मिनिटाला सहा फेरे. टाळकरी धृपद म्हणताना श्वास सोडतो आणि समोरचा चरण चालू असताना श्वास घेतो. म्हणजे त्याचा श्वासही मिनिटाला साधारण सहावर येतो. एरवी स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा चालतो.

इटलीतल्या डॉक्टरांनी नेमकी अशीच गोष्ट मोजली होती. लुचियानो बेर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांना ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि बौद्ध मंत्र म्हणायला लावले आणि श्वास, नाडी, रक्तदाब तपासला. तो अभ्यास २००१ च्या डिसेंबरमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. त्या जपमाळेतही प्रार्थनेचा अर्धा भाग धर्मगुरू म्हणतात आणि उरलेला अर्धा लोक, म्हणजे आपल्यासारखंच झेलणं. प्रार्थना काय किंवा मंत्र काय, दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदयाचे ठोके व रक्तदाब यांचे संथ चढउतार त्या श्वासाबरोबर एका लयीत आले. भाषा वेगळी, देव वेगळा, पण ओळीचं माप १० सेकंदांच्या आसपास.

हा अभ्यास भजनावर झालेला नव्हता आणि माणसंही थोडी होती, त्यामुळे त्यातून आजार बरे होतात वगैरे निष्कर्ष काढू नयेत. पण एक साधी गोष्ट त्यातून कळते. श्वास हे शरीराचं असं काम आहे जे आपोआपही चालतं आणि ठरवूनही बदलता येतं. भजनात ते आपण ठरवत नाही. ते ओळीचं माप ठरवतं, आणि तेच माप शेजारच्याचाही श्वास ठरवत असतं. ३० जण एकाच वेळी दम घेतात आणि एकाच वेळी सोडतात.

मग लय वाढते. मृदंग दुगणीत जातो, ‘ज्ञानोबा-तुकाराम’चा गजर सुरू होतो आणि पावली पडते. इथे फेरा दोन-तीन सेकंदांवर येतो. संथ श्वासाचा टप्पा संपून आता पावलाचा टप्पा सुरू होतो. एक पाऊल पुढे, एक मागे, समोरची रांगही तशीच. समोरच्याचं पाऊल डोळ्यांना दिसतं, आपलं पायाला जाणवतं आणि दोन्ही एकाच ठोक्यावर पडतात. आवाजाचं जे झालं तेच आता अंगाचं होतं. संथ टप्प्यात श्वास जुळलेले असले, तरच हा जलद टप्पा रंगतो. बसल्या बसल्या एकदम गजर सुरू केला तर नुसता दंगा होतो, हा अनुभव कोणत्याही जुन्या मंडळाला आहे.

भान हरपणं वेगळं, चक्कर वेगळी

इथे एक सावधगिरी सांगायला हवी. जोरजोरात गाताना आणि नाचताना काही जण गरजेपेक्षा जास्त हवा आत-बाहेर करतात. त्याने ओठांना, बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, कधी हात आखडतात. एकादशीचा उपास, उन्हातली चाल आणि कमी पाणी यांची भर पडली की माणूस कोसळू शकतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, अंगात आलं किंवा समाधी लागली.

फरक ओळखता येतो. भजनात रंगलेल्या माणसाचा टाळ चुकत नाही. तो धृपद वेळेवर उचलतो, धक्का लागला तर सावरतो, हाक मारली तर थोड्या वेळाने का होईना ओ देतो. चक्कर येणाऱ्याचा टाळ आधी चुकतो. चेहरा पांढरा पडतो, घाम गार येतो, पाय ठोक्यावर पडत नाहीत. अशा माणसाला रांगेतून बाजूला घेऊन आडवं करावं, पाय थोडे उंच ठेवावेत. शुद्धीवर असेल तर घोट घोट पाणी द्यावं. लगेच बरं वाटलं नाही, छातीत दुखलं किंवा शुद्ध आली नाही, तर गजर थांबवून डॉक्टरकडे न्यावं. ‘माउलीच सांभाळेल’ म्हणून तसंच ठेवू नये.

भजन लागत नाही, तेव्हा काय बिघडलेलं असतं?

गावातल्या बऱ्याच मंडळांची आज तक्रार असते की पूर्वीसारखं भजन रंगत नाही. पोरं येत नाहीत, आलेली मोबाईल बघत बसतात. दोष पोरांवर टाकण्याआधी वरची तीन कामं एकेक करून तपासून बघावीत.

सगळ्यात मोठा बिघाड माईकचा. एकाच्या हातात माईक आणि मोठा कर्णा असला की त्याचा आवाज बाकी सगळ्यांच्या आवाजाला झाकतो. टाळकऱ्याला ना स्वतःचा आवाज ऐकू येतो, ना सगळ्यांचा. ऐकू येतो तो फक्त माईकवाल्याचा. मिसळायला काही उरतच नाही. अशा ठिकाणी धृपद कमजोर होत जातं, आणि ते कमजोर झालं म्हणून माईकवाला धृपदही स्वतःच म्हणायला लागतो. तिथे झेलणं संपतं आणि भजनाचा कार्यक्रम होतो. देऊळ मोठं असेल आणि माईक लागणारच असेल, तर चरणापुरता तो तोंडाजवळ धरावा आणि धृपदाच्या वेळी बाजूला घ्यावा. एवढ्यानेही फरक पडतो.

दुसरा बिघाड चालीचा. म्हणणारा हौसेने नवी, अवघड चाल लावतो किंवा प्रत्येक चरणावर ताना घेतो. ऐकायला छान वाटतं, पण चरण कधी संपणार हे टाळकऱ्यांना कळत नाही. ते चाचपडतात, कुणी आधी उचलतो, कुणी नंतर. पुढे काय याचा हिशोब पुन्हा डोक्यात सुरू होतो. तिसरा बिघाड पट्टीचा. तयारीचा गायक उंच पट्टीत गातो आणि साध्या गळ्यांची ओढाताण होते. ताणून गाणाऱ्याचं लक्ष घशाकडे जातं. ज्याचं लक्ष घशाकडे, तो स्वतःकडेच बघतोय. पुरुषांच्या सोयीची पट्टी बायकांना जड जाते, तेव्हा मिश्र भजनात पट्टी मागच्या ओळीला विचारून लावलेली बरी.

तपासायची रीत सोपी आहे. मोबाईलवर सेकंद लावून एक मिनिट फक्त धृपद ऐका. सगळे एकदम उचलतात की विस्कळीत? दुसऱ्या फेरीपर्यंत नवा माणूस सामील होऊ शकतो का? आणि म्हणणारा मध्येच थांबला तर रांग तशीच पुढे चालू राहते का? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल, तर समजावं की भजन आता एका माणसाचं राहिलेलं नाही.

सप्ताहातला विणा पहारा याच विचाराचा आहे. सात दिवस विणा खाली ठेवायचा नाही. एकाचा पहारा संपला की दुसरा त्याच्या पाया पडून तो गळ्यात घेतो, आणि देणाराही घेणाऱ्याच्या पाया पडतो. माणूस बदलतो, विणा चालू राहतो. वय, जात, हुद्दा काही असो, समोरचा ‘माउली’च.

मीपणा सैल झाला, पुढे काय?

इथपर्यंत वाचून वाटेल की एकत्र भजन केलं की भेदभाव आपोआप गळून पडतो. तसं होत नाही, आणि ते सगळ्यात स्पष्ट सांगितलं ते पुण्यातल्याच एका बाईंनी.

डेक्कन कॉलेजमधल्या समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे स्वतः एका दिंडीबरोबर पंढरपूरला चालत गेल्या होत्या. त्यावर त्यांनी ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. दिवसभर सोबत चालण्याचा, सोबत गाण्याचा आनंद त्यांनी मनापासून मांडला आहे. पण त्याच लेखात एक सलही आहे. त्यांच्या दिंडीत ब्राह्मणांचा गट वेगळा आणि मराठ्यांचा वेगळा होता. तोच देव, तेच अभंग, तीच वाट, पण स्वयंपाक आणि पंगत वेगळी. दिवसभर जुळलेले सूर जेवणाच्या वेळी फुटत. बाईंना ते रोज खटके. त्या स्वतः मराठा बायकांबरोबर जेवायला बसल्या आणि त्यानंतर त्या बायका अधिक मोकळ्या झाल्या, हात धरून आपल्या घरच्या गोष्टी सांगू लागल्या, असं त्यांनी लिहिलं आहे.

पंढरपुरातही तेच दिसतं. चोखोबांचे अभंग वारकरी शतकानुशतकं प्रेमाने गात आले. पण चोखोबांची समाधी मंदिराबाहेर, महाद्वारासमोर, आणि त्यांच्या समाजाला विठ्ठलाच्या मंदिरात पाय ठेवायला १९४७ साल उजाडावं लागलं. त्यासाठी साने गुरुजींना मे महिन्यात पंढरपुरात दहा दिवस उपोषण करावं लागलं. गाण्यात ‘मी’ विरघळणाऱ्या लोकांना दार उघडायला इतकी वर्षं लागली, याचा अर्थ गाणं खोटं होतं असा नाही. अर्थ एवढाच की, गाण्याने जे सैल होतं ते गाणं संपल्यावर पुन्हा घट्ट होतं, जर त्यापुढे काही केलं नाही तर.

गाणं नेमकं किती काम करतं, याचं माप इंग्लंडमधल्या एका अभ्यासात सापडतं. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी मोठ्या माणसांच्या नव्याने सुरू झालेल्या वर्गांकडे सात महिने लक्ष ठेवलं. काही वर्ग गाण्याचे होते, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. गाणाऱ्यांची एकमेकांशी जवळीक पहिल्या महिन्यातच झपाट्याने वाढली. हस्तकला आणि लेखनवाल्यांची हळूहळू वाढली, पण सात महिन्यांच्या शेवटी तेही त्यांच्या बरोबरीला आले. म्हणजे गाण्याची करामत ही की ते अनोळखी माणसांमधला संकोच पटकन मोडतं. शेवटी नातं किती घट्ट होतं, ते सोबत घालवलेल्या दिवसांवर ठरतं.

हीच ताकद कशासाठीही वापरता येते, हेही विसरू नये. अमेरिकन इतिहासकार विल्यम मॅकनील १९४१ मध्ये सैन्यात भरती झाले. तासन्‌तास एकत्र कवायत करताना आपण फुगून मोठे झाल्यासारखं आणि सगळ्यांशी एक झाल्यासारखं वाटायचं, ही आठवण त्यांच्या मनात राहिली. पुढे १९९५ मध्ये एकत्र ठेक्यात हलणाऱ्या माणसांच्या इतिहासावर त्यांनी एक पुस्तकच लिहिलं. सभेतल्या घोषणाही एक जण देतो आणि हजार जण झेलतात. तिथेही ‘मी’ सैल पडतो. सैल पडलेल्या मनात काय भरलं जातं, ते त्या ओळीत काय म्हटलंय आणि ओळ संपल्यावर काय केलं जातं, यावर अवलंबून असतं.

वारकऱ्यांच्या पद्धतीत त्याची सोय करून ठेवलेली आहे. गजर थांबल्यावर रांगेतला प्रत्येक जण शेजारच्याच्या आणि समोरच्याच्या पाया पडतो. साठ वर्षांचा बापू विशीतल्या पोराच्या पाया पडतो आणि सावकार आपल्या सालगड्याच्या. गाण्याने मन मऊ झालेलं असतानाच हे करायचं असतं. अर्ध्या तासाने तेच करायला सांगितलं तर जड जाईल. आणि त्यानंतर पंगत बसते.

पुण्यातून पालख्या हडपसरपर्यंत सोबत जातात. तिथे वाटा फुटतात. माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला जाते आणि तुकोबांची लोणी काळभोरकडे वळते. आपल्या गावची दिंडी यातल्या कोणत्याही पालखीसोबत असो, यंदा एवढं बघावं. रात्रीच्या भजनात जो शेजारी उभा होता, तो पंगतीत कुठे बसला आहे? तो शेजारीच असेल, तर रात्रीचं भजन लागलं होतं.